लोपरामाइड : तुम्हाला आज आणखी नको, वडिलांना पहिलीही नको

प्रश्न : काल रात्री चुलतभावाच्या लग्नात जेवलो. पहाटेपासून सात-आठ वेळा पाण्यासारखे जुलाब झाले. ताप नाही, रक्त नाही. मेडिकलमधून लोपरामाइडची पट्टी आणली. सातला दोन गोळ्या घेतल्या, दहाला आणखी दोन. तरी त्यानंतर दोनदा जावं लागलं. आता बारा वाजलेत. रात्री नऊच्या बसने नाशिकहून सोलापूरला जायचंय. अजून किती घेतल्या तर चालतील? वडिलांनाही (वय ६९) तसंच होतंय, अंग गरम लागतंय. त्यांना ठोक्यांसाठी अमिओडॅरॉन चालू आहे. त्यांना याच पट्टीतली देऊ का? माझं वय ३८, दुसरं काही औषध नाही.

उत्तर : आज तुम्ही आणखी एकही घेऊ नका, आणि वडिलांना पहिलीसुद्धा देऊ नका. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. मी मेडिसिनचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. लग्नसराईत आणि पहिल्या पावसात अशी घरंच्या घरं येतात. पण मी तुम्हा दोघांना तपासलेलं नाही. पोटाला हात लावल्याशिवाय जेवढं सांगता येतं तेवढंच सांगतो.

आधी तुमचं. एक गोळी २ मिलिग्रॅमची असते (पट्टीच्या मागे बघून खात्री करा). मोठ्या माणसाने सुरुवातीला दोन घ्यायच्या, म्हणजे ४ मिलिग्रॅम. पुढे प्रत्येक पातळ जुलाब झाल्यावर एक. एक म्हणजे एकच, आणि ती जुलाब झाल्यावर. 'पुन्हा लागेल' या भीतीने आधीच नाही. तुम्ही दहाला एकदम दोन घेतल्या. त्याने फार बिघडलं नाही, पण एकूण ८ मिलिग्रॅम झाले. डॉक्टरला न विचारता आपल्या आपण घेणाऱ्याने चोवीस तासांत एवढ्यावर थांबायचं.

इंटरनेटवर तुम्हाला वेगवेगळे आकडे दिसतील म्हणून सांगून ठेवतो. अमेरिकेत स्वतः विकत घेणाऱ्यासाठी दिवसाला ८ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, ब्रिटनच्या दुकानातल्या पाकिटावर १२ असते, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली १६ पर्यंत जाता येतं. त्यात विरोध काही नाही. १६ चा आकडा ज्याला कोणी तपासलंय, ज्याची बाकीची औषधं कोणी पाहिलीत, त्याच्यासाठी आहे. घरी बसून घेताना मी माझ्या पेशंटला चार गोळ्याच सांगतो. मेडिकलवाले पुष्कळदा 'थांबेपर्यंत घ्या' म्हणतात. खरं तर आपल्याकडे हे चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे, आणि 'थांबेपर्यंत' हे काही माप नव्हे.

आता, चार गोळ्या घेऊनही दोनदा का जावं लागलं? गोळी लागू पडली नाही असं तुम्हाला वाटतंय, आणि लोक चुकतात ते नेमके इथेच. गोळी पोटात गेल्यावर रक्तात तिचं प्रमाण सर्वांत जास्त व्हायला साधारण चार-पाच तास लागतात. म्हणजे सातच्या गोळ्यांचा जोर आत्ता कुठे येतोय आणि दहाच्या गोळ्यांचा दुपारी दोन-तीनला येईल. शिवाय पहाटे आतड्यात जे पाणी जमलं होतं, ते गोळी घेतली म्हणून नाहीसं होत नाही. ते एक-दोनदा बाहेर येणारच. दर अर्ध्या-एक तासाने गोळी टाकणारा माणूस आधीच्या गोळीला काम करायला वेळच देत नाही. संध्याकाळी सगळ्यांचा जोर एकदम येतो. मग दोन-तीन दिवस शौचाला होत नाही, पोट गच्च, आणि तो जुलाबाचं औषध मागायला येतो. रक्तातलं हे औषध निम्म्यावर यायलाच जवळपास अकरा तास जातात, त्यामुळे आज घेतलेलं उद्याही थोडं शिल्लक असतं.

हे औषध नेमकं करतं काय, ते कळलं की कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे बरंचसं आपोआप कळतं. लोपरामाइड अफूवर्गीय आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर ते बसतं आणि आतड्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंद करतं. माल आत जास्त वेळ राहतो, त्यातलं पाणी शोषलं जायला वेळ मिळतो, गुदद्वाराचा स्नायूही थोडा घट्ट होतो. नेहमीच्या मात्रेत नशा येत नाही, कारण बहुतेक औषध यकृतातच मोडतं आणि जे थोडं मेंदूपर्यंत पोचतं ते तिथला एक पंप पुन्हा बाहेर टाकतो. एवढंच. जंतू मरत नाहीत, विष उतरत नाही, गेलेलं पाणी आणि क्षार भरून येत नाहीत. नळ चालू ठेवून तोटीत बोळा कोंबावा तसा हा प्रकार आहे. आत पाणी थोडंच येत असेल तर बोळ्याने काम भागतं. कॉलऱ्यासारखं धो धो येत असेल तर ते आतड्यातच साठत राहतं, बाहेर दिसत नाही, आणि माणूस मात्र आतून कोरडा पडत जातो.

म्हणून तुमचं खरं औषध ओआरएस आहे, गोळी नव्हे. पुडी एक लिटरची असेल तर पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घाला. अर्धी पुडी ग्लासात टाकून अंदाजपंचे करू नका. प्रत्येक जुलाबामागे एक मोठा ग्लास, आणि मधल्या वेळात तहानेप्रमाणे. उलटीसारखं वाटत असेल तर चमच्या-चमच्याने. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. पुडी मिळाली नाही तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (दोन्हीला चहाचा चमचा). टेट्रा पॅकमधली गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. साखर जास्त आणि मीठ कमी असलं की जुलाब वाढूही शकतात. जेवण बंद ठेवायची गरज नाही. पेज, मऊ भात, ताक चालेल. लग्नातली उरलेली बासुंदी मात्र नको.

बसचं विचारलंत. प्रवासात सोय व्हावी हे या गोळीचं रास्त कारण आहे, त्यात वावगं काही नाही. पण निर्णय गोळ्या मोजून नका घेऊ, संध्याकाळी स्वतःकडे बघून घ्या. पाचनंतर पाण्यासारखा जुलाब झालेला नाही, दुपारपासून दोनदा तरी लघवी चांगली आणि फिक्या रंगाची झालीये, पलंगावरून झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, असं असेल तर ओआरएसची बाटली बरोबर घेऊन जा. यातली एक गोष्ट जरी नसेल तरी तिकीट रद्द करा. रात्रीच्या बसमध्ये मध्यरात्री चक्कर आली तर पुढच्या थांब्यापर्यंत काही करता येत नाही. या गोळीने काहींना गुंगी येते, तेव्हा सोलापूरला उतरल्यावर लगेच गाडी चालवायला बसू नका.

उद्या सकाळी सातनंतर पुन्हा पाण्यासारखं झालंच, तर जुलाबामागे एक या हिशेबाने घेता येईल, तीच चारची मर्यादा ठेवून. परवा सकाळपर्यंतही थांबलं नाही तर गोळी बंद आणि डॉक्टर. दोन दिवस हीच हद्द.

पण या सगळ्याला एक मोठी अट आहे. तुम्ही लिहिलंत 'ताप नाही, रक्त नाही'. ते दुपारी बारापर्यंतचं आहे. जेवणानंतर पाच-सात तासांत सुरू झालेले जुलाब बरेचदा अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचे असतात आणि दिवसभरात ओसरतात. पण आतड्याच्या अस्तरात घुसणारे जंतूही सुरुवातीला पाण्यासारखेच जुलाब देतात. ताप, मुरडा, आव, रक्त हे नंतर येतं. त्याच जेवणानंतर वडिलांचं अंग गरम आहे, हे मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही. तेव्हा संध्याकाळी थर्मामीटर लावा. ३८.५ अंश सेल्सिअसच्या (१०१ फॅरनहाइटच्या) वर ताप आला, किंवा शौचात रक्त वा शेंबडासारखी आव दिसली, तर सकाळी चाललेली हीच गोळी संध्याकाळी तुम्हाला चालणार नाही. अशा वेळी जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडणं हेच शरीराच्या हिताचं असतं. ते आत कोंडून ठेवलं तर सुजलेलं मोठं आतडं लुळं पडू शकतं.

ते कसं दिसतं ते सांगतो, कारण घरच्यांना ते बरं होण्यासारखंच दिसतं. पन्नाशीच्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. दोन दिवस रक्ताची आव आणि ताप. घरातल्या कोणीतरी आणलेल्या या गोळ्या त्यांनी दिवसभर घेतल्या. संध्याकाळी जुलाब थांबले आणि घरचे निर्धास्त झाले. दुसऱ्या दिवशी त्या काही खाईनात, पोट टरटरून फुगलं, वारा सरेना, ताप १०२ वर. मी तपासलं तेव्हा नाडी ताप धरूनही फार जलद होती, बोटाने ठोकलं की पोट सगळीकडे पोकळ वाजत होतं, आणि स्टेथोस्कोपने आतड्याचा आवाज जवळपास ऐकूच येत नव्हता. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये आडवं मोठं आतडं आठ सेंटिमीटर रुंद झालेलं दिसलं. सहाच्या वर गेलं की आम्ही धास्तावतो, कारण भिंत ताणून पातळ होते आणि फुटू शकते. गोळी बंद, तोंडाने सगळं बंद, सलाईन, शिरेतून प्रतिजैविक, आणि सर्जनला बोलावून ठेवलं. नशिबाने ऑपरेशन लागलं नाही. चौथ्या दिवशी वारा सरला तेव्हा त्यांच्या सुनेला मी 'आता पेज द्या' म्हणालो.

यातून तुमच्या कामाची खूण अशी : जुलाब कमी झाले आणि माणूसही बरा दिसतोय, भूक लागतेय, तर ठीक. जुलाब कमी झाले पण पोट फुगतंय, दुखतंय, ताप चढतोय, तर गोळीने आजार बरा केलेला नाही, फक्त दिसेनासा केलाय. तेव्हा रात्र काढू नका.

आता वडील. ताप आहे हे एक कारण झालं. वय हे दुसरं. साठी-सत्तरीत पाणी पटकन कमी होतं आणि तहान उशिरा लागते. पण सर्वांत मोठं कारण अमिओडॅरॉन आहे. ही गोळी हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर त्याचं विद्युतचक्र पूर्ववत व्हायला लागणारा वेळ वाढवते. ईसीजीत त्याला क्यूटी म्हणतात. लोपरामाइड रक्तात जास्त झालं तर तेही हा वेळ वाढवतं. वर अमिओडॅरॉन हे लोपरामाइड मोडणारी यकृतातली यंत्रणा आणि मघाशी सांगितलेला तो पंप, दोन्ही मंदावतं. म्हणजे तुमच्या शरीरात चार गोळ्या जेवढं औषध रक्तात आणतील, त्याहून त्यांच्या शरीरात जास्त राहू शकतं. आणि तिसरी गोष्ट जुलाबच करतात : पोटॅशियम आणि मॅग्नेशियम वाहून जातं. ते कमी झालं की क्यूटी एरवीही लांबतो. तीन बाजूंनी एकाच ठिकाणी ताण येतो. त्यातून ठोके अचानक विस्कळित होऊन माणूस कोसळू शकतो.

गोळी पोटाची आणि धोका हृदयाला, हे लोकांना पटत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल उघड इशारा दिला होता. तिथे अफूवर्गीय औषधांचं व्यसन असलेले काही लोक या गोळ्या पन्नास-शंभरच्या हिशेबाने घेत होते आणि त्यात ठोके बिघडून मृत्यू झाले. २०१८ मध्ये दुकानातल्या पाकिटात किती गोळ्या असाव्यात यावरही तिथे बंधन आणायला सुरुवात झाली. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. निरोगी माणसाला चार गोळ्यांनी असं होत नाही. पण ज्याच्या शरीरात औषध साठतं किंवा ज्याचा क्यूटी आधीच लांबलेला आहे, त्याच्यासाठी 'नेहमीची मात्रा' हा शब्द तितका भरवशाचा राहत नाही. यकृताचा जुना आजार असलेल्यांनाही हेच लागू. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, ट्रायग्लिसराइडवरचं जेमफायब्रोझिल चालू असलं तरी लोपरामाइडचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

आपल्याकडे यात एक देशी भर पडते. मेडिकलमधून जुलाबाला एकटी लोपरामाइड क्वचितच मिळते. बरोबर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची गोळी, उलटीसाठी ऑन्डॅन्सेट्रॉन किंवा डोमपेरिडोन, असा पुडा बांधून मिळतो. ऑफ्लॉक्सासिन, ऑन्डॅन्सेट्रॉन आणि डोमपेरिडोन तिन्ही क्यूटी थोडा-थोडा लांबवतात. तुमच्यासारख्याला एखाद्या दिवशी चालून जाईल, वडिलांना हा पुडा अजिबात नको. तुम्हालाही प्रतिजैविकाची गरज मला आज दिसत नाही. पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, रक्त नाही, सुरू होऊन बारा तासही झालेले नाहीत. हे बहुतेक वेळा आपलं आपण थांबतं.

वडिलांना आज दुपारीच दाखवा, संध्याकाळपर्यंत थांबू नका. तोवर ओआरएस घोट-घोट, आणि लघवी शेवटची कधी झाली ते विचारून ठेवा. अमिओडॅरॉन मनाने बंद करू नका. ब्लडप्रेशरच्या किंवा लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आजचा डोस द्यायचा का, हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचारा. पाणी कमी झालेल्या अंगात त्यांनी प्रेशर फार खाली जातं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. डॉक्टर बहुधा ईसीजी काढतील, रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पाहतील. आतड्यात येणारं पाणी कमी करणारं रेसकॅडोट्रिल नावाचं वेगळं औषध आहे, ते आतड्याची हालचाल रोखत नाही. द्यायचं की नाही ते तपासणाराच ठरवेल.

आणि डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा, जी ते विचारतीलच असं नाही : गेल्या दोन-तीन महिन्यांत वडिलांनी दातासाठी, छातीसाठी, लघवीच्या त्रासासाठी प्रतिजैविकाचा कोर्स घेतला होता का? तसं असेल तर जुलाब लग्नाच्या जेवणाचे नसून त्या कोर्सनंतर आतड्यात माजलेल्या जंतूचे असू शकतात. त्यात लोपरामाइड देणं धोक्याचं असतं, आणि उपचारही पूर्ण वेगळा असतो. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, कापलेल्या अर्ध्या पट्ट्यासुद्धा. 'पिवळी छोटी गोळी' एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही.

अवांतर, पण विचारलं जातंच म्हणून : बारा वर्षांखालच्या मुलांना ही गोळी घरच्या घरी देऊ नका, दोन वर्षांखाली तर कधीच नाही. लग्नाला आलेल्यांपैकी आणखी कोणाकडे लहान मुलाला त्रास असेल तर तुमच्या पट्टीतली उरलेली गोळी अर्धी करून द्यायचा मोह कोणाला तरी होईल. पट्टी तुमच्याच बॅगेत राहू द्या.